दोरीच्या दुसऱ्या टोकाला

नववीच्या वर्गात बलाचे प्रकरण सुरू झाले की मी दरवर्षी एकच प्रयोग मांडते. टेबलाच्या दोन्ही कडांना एकेक कप्पी बसवते, टेबलाच्या मधोमध स्प्रिंगकाटा आडवा ठेवते, त्याच्या हुकाला एक दोरी आणि मागच्या कडीला दुसरी दोरी बांधते, दोन्ही दोऱ्या आपापल्या बाजूच्या कप्पीवरून खाली सोडते आणि प्रत्येकीला दोन किलोचे वजन टांगते. काट्याच्या पट्टीवर कागद झाकलेला असतो. मग वर्गाला विचारते, काटा किती दाखवत असेल?

उत्तरे तीन येतात. सर्वांत जास्त हात चार किलोला वर होतात, कारण दोन आणि दोन चार. काही जण शून्य म्हणतात, कारण दोन सारखी बले विरुद्ध दिशांना लागली की ती एकमेकांना नाहीशी करतात, असे त्यांनी नुकतेच वाचलेले असते. दोन किलो म्हणणारे थोडे असतात आणि त्यांतल्या बहुतेकांना कारण सांगता येत नाही. मी कागद काढते. काटा दोन किलोवर असतो. अगदी काटेकोर बोलायचे तर तो एखादी बारीक रेघ इकडेतिकडे असतो, कारण कप्पीच्या आसाला घर्षण असते. टेबलावर बोटाने हलकेच टकटक केले की दर्शक जरासा सरकून दोनच्या रेघेजवळ येऊन थांबतो.

काही वर्षांपूर्वी एका मुलीने यावर विचारलेला प्रश्न माझ्या मनातून अजून गेलेला नाही. बाकीचा वर्ग पुढच्या उदाहरणाकडे वळला होता आणि ती मात्र टेबलाजवळ उभी राहून दोन्ही वजनांकडे आळीपाळीने पाहत होती. ती म्हणाली, "बाई, काटा दोनच दाखवतोय, ते दिसतंय मला. पण मग दुसऱ्या वजनानं काय केलं?"

हा प्रश्न मला उत्तराहून मोठा वाटला. दोरीतला ताण एका ओढीइतका असतो, हे वाक्य पाठ करता येते आणि परीक्षेत लिहिताही येते. पण दोन माणसे दोन टोकांना घाम गाळत असताना त्यांतल्या एकाची मेहनत हिशेबातून गेली कुठे, हे कळल्याशिवाय ते वाक्य मनात रुजत नाही. त्या दिवशी मी तिला जे उत्तर दिले ते बरोबर होते, पण पुरेसे नव्हते. पुढे दोनतीन तास आम्ही त्याच टेबलाभोवती घालवले. त्या तासांत माझ्याही मनात जे स्पष्ट होत गेले, ते इथे सावकाश मांडते आहे.

पहिली गोष्ट आम्ही केली ती अशी की काटा टेबलावरून उचलला आणि भिंतीतल्या खिळ्याला टांगला. खाली तेच दोन किलोचे वजन लावले. काटा दोन किलो दाखवू लागला. याबद्दल जगात कोणाचीही तक्रार नसते, कारण काट्याने वजन करायची पद्धतच ही आहे. मग मी तिला विचारले, या काट्याला कोणकोण ओढते आहे? ती म्हणाली, वजन खाली ओढते आहे. "आणि वरून?" ती थोडा वेळ गप्प राहिली आणि मग खिळ्याकडे बोट दाखवून म्हणाली, "तो धरून ठेवतोय."

धरून ठेवणे आणि ओढणे या दोन क्रिया आपल्या बोलण्यात वेगळ्या आहेत, आणि सगळा घोटाळा तिथूनच सुरू होतो. खिळा हलत नाही, दमत नाही, त्याचे स्नायू फुगत नाहीत, म्हणून तो ओढतो असे म्हणायला जीभ धजत नाही. पण खिळ्याने काट्याला वरच्या दिशेने ओढले नसते, तर काटा आणि वजन दोन्ही खाली पडली असती. ती पडत नाहीत याचा अर्थ खिळा काट्याला दोन किलोच्या वजनाइतक्या बलाने वर ओढतो आहे. शिवाय काट्याच्या स्वतःच्या वजनाइतके थोडे बल त्याला जास्तीचे लावावे लागते, ते आपण तूर्त बाजूला ठेवू. म्हणजे ज्या मांडणीत सगळ्यांना दोन किलो हे उत्तर मान्य आहे, त्या मांडणीतसुद्धा काट्याच्या दोन्ही टोकांना ओढ आहेच. खालून दोन किलोइतकी आणि वरूनही दोन किलोइतकी. तिथे आपण त्यांची बेरीज करून चार म्हणत नाही, कारण वरची ओढ आपल्या नजरेत भरत नाही.

मग आम्ही तोच काटा पुन्हा टेबलावर आडवा केला. आडवा केल्यावर एक काळजी घ्यावी लागते. काटा टांगलेला असताना त्याच्या हुकाचे वजन स्प्रिंगला किंचित ताणत असते आणि शून्याची खूण त्याच अवस्थेत लावलेली असते, त्यामुळे तो आडवा ठेवला की दर्शक शून्यापासून थोडा मागे गेलेला दिसतो. तेवढे जुळवून घेतले. नंतर एका बाजूला वजन लावले आणि दुसऱ्या बाजूची दोरी कप्पीवरून न नेता टेबलाच्या कडेला ठोकलेल्या खिळ्याला बांधली. काटा दोनवर. मग खिळ्याची दोरी सोडवून कप्पीवर घेतली आणि तिला दुसरे वजन लावले. काटा दोनवरच.

आता त्या टोकासमोर मी एक पुठ्ठा उभा केला आणि मुलीला पाठ फिरवायला सांगितले. पुठ्ठ्यामागे मी कधी खिळा ठेवला, कधी वजन लावले, एकदा तर स्वतःच्या हाताने दोरी नुसती जागच्या जागी धरून ठेवली. प्रत्येक वेळी तिने वळून काटा वाचायचा आणि पुठ्ठ्यामागे काय आहे ते सांगायचे. तिला ते सांगता आले नाही, आणि तसे ते कोणालाच सांगता येणार नाही. दोरीला फक्त एवढेच समजते की त्या टोकाला आपल्याला कोणीतरी अमुक बलाने ओढते आहे. ते बल लोखंडाचे आहे, वजनाचे आहे की माणसाच्या मनगटाचे आहे, याची नोंद दोरीत कुठेही उमटत नाही.

इथे ती एकदम म्हणाली, "मग दुसरं वजन म्हणजे खिळाच आहे." हे तिचे उत्तर होते आणि ते बरोबर होते. दुसऱ्या वजनाने जे केले, तेच आधी खिळा करत होता. वजन लावल्याने नवे काही आले नाही, कारण त्या जागेवर आधीपासूनच एक ओढ हजर होती.

याच्या उलट बाजूने पाहायचे तर एक टोक पूर्णपणे मोकळे सोडून द्यावे. आम्ही तेही केले. दोरीचे एक टोक हातात धरायचे, दुसरे टोक टेबलावर तसेच पडू द्यायचे आणि ओढायचे. दोरी हाताबरोबर सरपटत येते आणि मध्ये काटा लावला तर तो जेमतेम हलतो. पाच किलोची ताकद लावायची असे कितीही ठरवले तरी मोकळ्या दोरीवर ती लावताच येत नाही. कडी न लावलेल्या दाराला जोराने धक्का देण्यासारखे ते आहे. दार निघून जाते आणि हात पुढे झुकतो. तेव्हा "एकाच माणसाची ओढ" ही गोष्ट ताणलेल्या दोरीच्या बाबतीत अस्तित्वातच नाही. दोरीत ताण असेल तर तिच्या दोन्ही टोकांना कोणीतरी आहे, आणि ज्याला आपण एक ओढ म्हणतो तिच्यात दुसऱ्या टोकाची ओढ आधीच गृहीत धरलेली असते.

न्यूटनने १६८७ सालच्या आपल्या ग्रंथात तिसऱ्या नियमाखाली दिलेले एक उदाहरण याच जागी बोट ठेवते. दोरीने बांधलेला दगड घोडा ओढत असेल, तर घोडाही दगडाकडे तितकाच ओढला जातो. ताणलेली दोरी स्वतःला सैल करण्याची धडपड करत असते आणि त्या एकाच धडपडीने ती दगडाला घोड्याकडे आणि घोड्याला दगडाकडे सारखेच खेचते, असे त्याचे म्हणणे आहे. मला यातला "एकाच" हा शब्द फार मोलाचा वाटतो. दोरीत दोन ताण नसतात. एकच ताण असतो आणि तो दोन्हीकडे तोंड करून असतो.

हे दोन्हीकडे तोंड असणे नीट दिसावे म्हणून मनातल्या मनात दोरी मध्येच कापून पाहावी. कापलेल्या जागी डावा तुकडा आणि उजवा तुकडा असे दोन काठ दिसतील. कापण्यापूर्वी हे दोन काठ एकमेकांना धरून होते. डाव्या तुकड्याच्या बाह्य टोकाला डावीकडचा माणूस समजा ४०० न्यूटनने ओढतो आहे. हा तुकडा जागच्या जागी स्थिर आहे, म्हणून त्याच्या दुसऱ्या काठाला उजवा तुकडा त्याला ४०० न्यूटनने उजवीकडे ओढत असला पाहिजे. उजव्या तुकड्याचा हिशेब वेगळा मांडला तरी तोच निघतो. बाहेरून उजवा माणूस ४०० न्यूटनने ओढतो, काठाला डावा तुकडा ४०० न्यूटनने. त्या छेदापाशी डाव्याने उजव्याला ४०० न्यूटनने ओढले आहे आणि उजव्याने डाव्याला ४०० न्यूटनने ओढले आहे. या जोडीलाच ताण म्हणतात आणि त्याचे माप ४०० न्यूटन. ८०० हा आकडा लिहिणारा माणूस एका तुकड्यावरचे बल आणि दुसऱ्या तुकड्यावरचे बल एकत्र करतो. ती दोन बले दोन वेगळ्या वस्तूंवर आहेत, म्हणून त्यांची बेरीज करायला जागाच नाही. शून्य लिहिणारा माणूस संपूर्ण दोरीवरचे निव्वळ बल काढतो. ते खरोखरच शून्य आहे आणि दोरी का हलत नाही याचे ते उत्तर आहे. दोरी आतून किती ताणली गेली आहे, हा प्रश्न त्याहून वेगळा. शून्य म्हणणाऱ्या मुलांना मी चूक म्हणत नाही. त्यांनी दुसऱ्याच प्रश्नाचे बरोबर उत्तर दिलेले असते, एवढेच त्यांना दाखवून देते.

बेरीज कधीच होत नाही असेही नाही, आणि हे सांगितल्याशिवाय हा विषय अर्धाच राहतो. समजा एक दोरी ५०० न्यूटनला तुटते आणि तुमच्याजवळ ४०० न्यूटनने ओढू शकणारी दोन माणसे आहेत. ती दोन टोकांना उभी राहिली तर दोरीत ४०० न्यूटन ताण येईल आणि दोरी तुटणार नाही. पण दोरीचे एक टोक मजबूत खांबाला बांधून दोघांनी मिळून दुसरे टोक ओढले, तर खांबाला ८०० न्यूटनने उलट ओढावे लागेल, दोरीत ८०० न्यूटन ताण येईल आणि ती तुटेल. माणसे तीच आणि दोरीही तीच. पहिल्या मांडणीत दुसरा माणूस खांबाचे काम करत होता. दुसऱ्या मांडणीत खांबाने ते काम फुकट केले आणि तो माणूस मोकळा होऊन पहिल्याच्या बाजूला आला.

माग्देबुर्गच्या ओटो फॉन गेरिकने सतराव्या शतकाच्या मध्यास केलेला अर्धगोलांचा प्रयोग पाठ्यपुस्तकांत हवेच्या दाबासाठी सांगितला जातो. तांब्याचे दोन पोकळ अर्धगोल एकमेकांवर बसवून त्यांच्यातली हवा पंपाने काढून घ्यायची आणि मग ते घोडे लावून विलग करायचा प्रयत्न करायचा. त्याच्या १६७२ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथातल्या चित्रात दोन्ही बाजूंना घोड्यांच्या रांगा आहेत, एकेका बाजूला आठ, एकूण सोळा. ते चित्र पाहिले की मनात आपोआप सोळा घोड्यांचे बळ उभे राहते. पण अर्धगोलांना अलग करू पाहणारे बल आठच घोड्यांचे होते. उरलेल्या आठांच्या जागी एक भक्कम भिंत असती, तरी अर्धगोलांच्या सांध्यावर तेवढेच बल आले असते. अर्धगोलांचा व्यास अर्ध्या मीटरच्या आसपास धरला, तर हवा ते जास्तीत जास्त सुमारे वीस हजार न्यूटनने, म्हणजे दोन टनांच्या वजनाइतक्या बलाने, दाबून धरू शकते. आठ घोड्यांना हे बल पेलायचे तर प्रत्येकाच्या वाट्याला अडीच हजार न्यूटन येतात. एक बाजू भिंतीला बांधून सोळाही घोडे दुसऱ्या बाजूला जुंपले असते, तर प्रत्येकाला निम्म्याच ओढीत ते काम करता आले असते. चित्र मात्र इतके देखणे झाले नसते. मुलांना हे सांगितले की ती पुस्तकातले ते चित्र पुन्हा उघडतात आणि डावीकडचे आठ घोडे हाताने झाकून पाहतात.

रस्सीखेचीत बेरीज आणि बेरजेचा अभाव दोन्ही एकाच दोरात पाहायला मिळतात. एकेका बाजूला तीन-तीन माणसे आहेत आणि प्रत्येक जण ३०० न्यूटनने ओढतो आहे असे धरू. डावीकडच्या सर्वांत शेवटच्या माणसाच्या पुढे दोरात ३०० न्यूटन ताण असतो. त्याच्या पुढच्या माणसाने आपली ओढ त्यात मिळवली की ६०० होतो. तिसऱ्याच्या पुढे, मधल्या खुणेपाशी, ९००. तिथून उजवीकडे जाताना तो पुन्हा ६०० आणि ३०० असा उतरत जातो. मधल्या खुणेपाशी सर्वांत जास्त ताण असतो आणि तो एका बाजूच्या सगळ्यांच्या ओढींची बेरीज असतो. खुणेच्या पलीकडची माणसे या बेरजेत धरायची नसतात. ती या बेरजेला तोलून धरत असतात. खूप माणसांच्या रस्सीखेचीत दोर निवडताना हा हिशेब जिवावरचा ठरतो. १९९७ साली तैपेईत दीड हजारांहून अधिक माणसांच्या रस्सीखेचीत दोर तुटला आणि दोन जणांचे हात तुटले. समजा एका बाजूला आठशे माणसे आहेत आणि प्रत्येकाने केवळ २०० न्यूटन लावले, तरी मध्यावर १,६०,००० न्यूटन, म्हणजे सोळा टनांच्या आसपासचा भार येतो. आणि तुटताना ताणलेला दोर आत साठवलेली सगळी ऊर्जा एका झटक्यात मोकळी करतो.

आता वर्गात हमखास येणारी शंका. दोघांच्या ओढी सारख्याच असतील, तर रस्सीखेच जिंकतो कोण? एकाने जास्त ओढले म्हणूनच तर दुसरा हरतो ना?

मी याचे उत्तर आकड्यांतून देते, कारण शब्दांत ते निसटते. अर्धा किलो वस्तुमानाची एक दोरी घ्या. एका टोकाला ३०० न्यूटन आणि दुसऱ्या टोकाला २०० न्यूटन बल लागले आहे अशी कल्पना करा. दोरीवर निव्वळ बल १०० न्यूटन, म्हणून तिचे त्वरण सेकंदाला सेकंदाला २०० मीटर. एक दशांश सेकंदात ती एक मीटर सरकेल आणि तिचा वेग सेकंदाला वीस मीटर होईल. ३०० न्यूटनने ओढणाऱ्या हातालाही तेवढ्याच वेगाने मागे जावे लागेल, नाहीतर दोरी त्याच्या मुठीत सैल पडेल. असा हात कोणाचाच नसतो. त्यामुळे हलक्या दोरीच्या दोन टोकांच्या ओढींत मोठा फरक टिकूच शकत नाही. पलीकडचा जितका ताण देईल तितकाच इकडच्याला मिळतो, त्याहून जास्त ओढायची त्याची इच्छा दोरीपर्यंत पोचत नाही. दोरी जड असेल आणि जोराने सरकत असेल, तर तिच्या दोन टोकांच्या ताणांत खरोखर फरक पडतो आणि मधल्या भागात तो एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे हळूहळू बदलत जातो. उभी टांगलेली जड दोरीही वरच्या टोकाशी जास्त ताणलेली असते. दोरी खांबाला वेढा घालून गेली असेल, तर खांबाचे घर्षण दोन बाजूंत फरक पाडते. रस्सीखेचीतल्या दोराला मात्र माणसांच्या मानाने नगण्य वस्तुमानाचा मानले तरी चालते.

मग निकाल लागतो तो पायांखाली. समजा दोन्ही खेळाडू साठ-साठ किलोचे आहेत. टाचा रोवून, अंग मागे टाकून एकाने जमिनीकडून ४३० न्यूटन बल मिळवले आणि दुसऱ्याला ३७० न्यूटनच मिळाले. दोघे दोरीने जोडलेले आहेत, म्हणून ते एकत्रच सरकतील. निव्वळ बल ६० न्यूटन, एकूण वस्तुमान १२० किलो, म्हणून त्वरण सेकंदाला सेकंदाला अर्धा मीटर. आता दोरीतला ताण काढू. जिंकणाऱ्याला मागे नेणारे बल ४३० न्यूटन आहे, दोरी त्याला पुढे खेचते आहे आणि या दोन्हींतला फरक त्याच्या साठ किलोंना अर्ध्या मीटरचे त्वरण देतो, म्हणजे फरक ३० न्यूटन. ताण निघाला ४०० न्यूटन. हरणाऱ्याच्या बाजूने पडताळून पाहू. दोरी त्याला ४०० ने पुढे खेचते, जमीन ३७० ने मागे धरते, फरक ३० न्यूटनच. हिशेब जुळला. म्हणजे एक जण जिंकत असताना आणि दुसरा फरफटत जात असतानासुद्धा दोघांच्या हातांना दोरी ४०० न्यूटननेच ओढते आहे. हरणारा कमी ओढत होता असे म्हणता येत नाही. त्याचे पाय कमी पडले. हे उदाहरण सोडवताना मुले ८०० लिहीत नाहीत, हे मी अनेकदा पाहिले आहे. आकडे पायांखालून सुरू केले की दोरीचा ताण आपोआप योग्य जागी येऊन बसतो.

इतके सगळे झाल्यावरही त्या मुलीचा प्रश्न पूर्ण सुटला नव्हता. तिने तो नव्या शब्दांत मांडला. "खिळा दमत नाही, पण माणूस दमतो. दोन माणसं दमली, तर त्या दुसऱ्या माणसाचं दमणं कुठे गेलं?"

मला वाटते, बेरीज करण्याचा आपला मोह इथूनच येतो. आपण बल मोजत नसतो. आपण कष्ट मोजत असतो आणि कष्ट हे दोन माणसांचे दोन असतात. स्थिर दोरी ओढून धरताना स्नायू दमतात ते त्यांच्या आतल्या रचनेमुळे. दोरीवर तेव्हा भौतिकशास्त्राच्या अर्थाने काहीच कार्य होत नसते. पण दोरी सैल अवस्थेतून ताणली जात असताना कार्य होते, कारण तेव्हा हात सरकत असतो. तेव्हा दुसऱ्या माणसाचा वाटा शोधायचा असेल, तर तो बलात शोधून उपयोग नाही, हाताने कापलेल्या अंतरात शोधायला हवा.

त्यासाठी आम्ही दोरीऐवजी रबराची एक जाड पट्टी घेतली, म्हणजे ताणणे डोळ्यांना दिसेल. तिच्या बरोबर मध्यावर शाईचा ठिपका दिला. पट्टीचे एक टोक खिळ्याला अडकवले आणि दुसऱ्या टोकाला काटा लावून ती दहा सेंटिमीटर लांबेपर्यंत मुलीने ओढली. काट्याचा आकडा वहीत लिहून घेतला. तिचा हात दहा सेंटिमीटर सरकला होता आणि ठिपका तिच्याकडे पाच सेंटिमीटर आला होता. मग खिळा सोडून ते टोक मी धरले आणि आम्ही दोघींनी आपापल्या बाजूला सारखे ओढले. पट्टी पुन्हा दहा सेंटिमीटरच लांबली तेव्हा काट्यावर तोच आकडा होता, पण या वेळी तिचा हात पाचच सेंटिमीटर सरकला होता आणि माझाही पाच. ठिपका टेबलावर जिथे होता तिथेच राहिला होता. तेवढ्याच बलाने अर्ध्या अंतरातून ओढल्यामुळे पट्टी ताणण्याचे निम्मे कार्य तिने केले होते आणि निम्मे मी. पट्टीत साठलेली ऊर्जा दोन्ही वेळा सारखीच होती. पहिल्या वेळी ती सगळी तिच्या एकटीच्या हातातून आली होती.

ती वहीवरून मान वर करून म्हणाली, "म्हणजे बाई, तुम्ही माझं अर्धं काम केलंत." मी हो म्हणाले.

मग तिने स्वतःहून एक गोष्ट केली, जी माझ्या योजनेत नव्हती. पट्टी आम्हा दोघींमध्ये ताणलेली असताना तिने शेजारच्या मुलाला बोलावले आणि त्या न हललेल्या ठिपक्यावर अंगठा टेकवून पट्टी टेबलाला घट्ट दाबून धरायला सांगितले. त्याने दोन्ही अंगठे लावले. "आता तुम्ही सोडा," ती मला म्हणाली. मी माझे टोक सोडले. माझ्या बाजूची अर्धी पट्टी आखडून टेबलावर सैल पडली. तिच्या बाजूची अर्धी होती तशीच ताठ राहिली आणि काट्याचा दर्शक आपल्या रेघेवरून हलला नाही. ती काही क्षण तशीच टोक धरून उभी राहिली, मग डोळे मिटून घेतले आणि मला म्हणाली, पुन्हा एकदा धरा आणि पुन्हा सोडा, मला कळतंय का बघते. आम्ही चार वेळा केले. चारही वेळा, मी सोडले ते तिला तिच्या हातातून कळले नाही.